मदत हवी आहे: मलेरियाचे जंतू गेले, तरी भावाचं हिमोग्लोबिन उतरतंच आहे

परळकर_७८: धाकटा भाऊ, वय २६, वायवॅक्स मलेरिया. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या हेल्थ चेकअपला हिमोग्लोबिन १३.२ होतं. सहा दिवस ताप अंगावर काढला, अ‍ॅडमिट केलं त्या दिवशी ११.९, दोन दिवस सलाईन चढल्यावर १०.४ आणि आज आठव्या दिवशी ८.९. ताप गेलाय, परवाची स्मिअर निगेटिव्ह. माझा प्रश्न असा की अ‍ॅडमिट करताना लॅबने फक्त अर्धा टक्का पेशींत जंतू आहेत म्हणून लिहिलं होतं, मग त्या सगळ्या फुटल्या तरी अर्धा टक्काच जायला हवा ना? इथे तर तिसरा हिस्सा गेला. डॉक्टर राऊंडला येतात आणि 'होतं असं' म्हणून पुढच्या खाटेकडे जातात.

सुमनताई: जंतू पेशी फोडून बाहेर येतात, दर ४८ तासांनी नव्या पेशी फोडतात, सहा दिवसांत तीन फेऱ्या झाल्या, तेवढंच कारण. बीट, खजूर, लोहाच्या गोळ्या लगेच चालू करा.

काचपट्टी: ताई, फेऱ्यांचं बरोबर, पण हिशोब त्यात बसत नाही. आधीच्या फेऱ्या लहान असतात. सगळ्या मिळून ०.६ टक्का धरू. मी लॅबमध्ये बरीच वर्षं आहे, वायवॅक्सच्या काचेवर जंतू मोजकेच दिसतात कारण तो मुख्यतः कोवळ्या पेशींतच शिरतो, आणि त्या रक्तात एक-दोन टक्केच असतात. खरा फटका जंतू न शिरलेल्या पेशींना बसतो. पानथरीत सात-आठ मायक्रॉनच्या पेशीला एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून दुमडून निघावं लागतं, मलेरियात धडधाकट पेशीही थोड्या कडक होतात, अडकतात, आणि तिथल्या भक्षक पेशी तेव्हा जास्तच चेकाळलेल्या असतात. जुन्या पेशंटांच्या नोंदींवरून काढलेला एक अंदाज आहे, वायवॅक्समध्ये एका बाधित पेशीमागे साधारण ३४ निरोगी पेशी जातात. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियात आठ-नऊ. आता गुणा. ०.६ गुणिले ३४ म्हणजे २० टक्के, अधिक ते ०.६, म्हणजे १३.२ मधले पावणेतीनच्या आसपास गेले.

परळकर_७८: पण घट ४.३ ची आहे. उरलेले दीड?

काचपट्टी: हाडातली मज्जा, म्हणजे रक्तपेशींचा कारखाना. रोज साधारण ०.८ टक्का पेशी म्हाताऱ्या होऊन जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. आजारात शरीर जी रसायनं सोडतं ती आणि जंतूंचं काळं रंगद्रव्य मिळून मज्जेचं काम दाबतात. दहा दिवस कारखाना बंद धरला तर आठ टक्के, म्हणजे एक. बाकीचा अर्धा सलाईनने रक्त पातळ झाल्याचा. अ‍ॅडमिट करतानाचे ११.९ पण घामाने रक्त घट्ट झाल्यामुळे जरा फुगलेले असणार. रेटिक काऊंट, म्हणजे रक्तातल्या नव्या कोवळ्या पेशींची टक्केवारी, केलाय का?

परळकर_७८: हो, ०.८. आणि लोहाच्या साठ्याची ती फेरिटिन टेस्ट, ९२०.

काचपट्टी: मग बघा, हिमोग्लोबिन इतकं उतरलं असताना रेटिक वर उडी मारायला हवा होता. ०.८ म्हणजे मज्जा अजून झोपेतच आहे. त्यामुळे जंतू गेल्यावरही आकडा काही दिवस खाली जातो, पानथरी लगेच शांत होत नाही आणि नवीन माल येत नाही. साधारण आठवड्याभराने रेटिक चढायला लागतो. फेरिटिन आजारामुळेही वाढतं, त्यामुळे लोह भरपूर आहे असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण असलेलं लोह सध्या कोठारात कुलूपबंद आहे. आत्ता गोळ्या देऊन फारसा उपयोग नाही. बीट खाऊ द्या, त्याने बिघडत नाही.

नागपुरी_संत्रं: आमच्या मामाला डेंग्यूत पपईच्या पानाचा रस दिला होता, प्लेटलेट दोन दिवसांत वाढल्या.

परळकर_७८: दादा, मलेरिया आहे, प्लेटलेटचा प्रश्न नाही.

गडचिरोली_एक्सप्रेस: यकृतात लपलेल्या जंतूंसाठीची प्रायमाक्विन गोळी चालू आहे का? माझ्या चुलतभावाला तिसऱ्या गोळीनंतर कोकसारखी लघवी झाली, रक्तपेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी निघालं, त्यात या गोळीने पेशी फुटतात, रक्त चढवावं लागलं. सगळा दोष पानथरीवर टाकू नका.

काचपट्टी: रास्त मुद्दा. मी जो हिशोब मांडला तो अंदाज आहे, आकडा जुळला म्हणून दुसरं कारण नाहीच असं नाही. लघवीचा रंग बघा, काळपट दिसली तर पुढची गोळी देण्याआधी तडक डॉक्टरांना गाठा.

परळकर_७८: दुसऱ्या दिवसापासून चालू आहे. लघवी पिवळीच आहे. जी-सिक्स-पीडीला काल रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या.

काचपट्टी: नॉर्मल आला तरी एकदम निर्धास्त होऊ नका. रक्त फुटत असताना कमी एन्झाइमच्या म्हाताऱ्या पेशी आधी जातात, उरलेल्या तरुण पेशींत टेस्ट कधीकधी खोटी नॉर्मल येते. हे डॉक्टरांना सांगा आणि तीन-चार दिवसांनी हिमोग्लोबिनसोबत रेटिक परत करायला सांगा.

परळकर_७८: सोमवारी करतो. आकडे इथेच टाकतो.