मदत हवी आहे: आजीला पेन्शनसाठी व्हिडिओ कॉलचा मेसेज आलाय, खरा की खोटा?

रामबागचा_नातू

मंडळी, जरा घाईत आहे, उद्या सकाळच्या आत उत्तर हवंय. आजी इंदूरला रामबागेत एकटी राहते. वय 81, आयकर खात्यातून निवृत्त, पेन्शन बँकेत जमा होते. आज संध्याकाळी गेलो तर चपला काढायच्या आधीच तिने फोन पुढे केला. "हे बघ. मी कशावरही बोट लावलेलं नाही, नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तो मेसेज परत उघडायचा नाही म्हणून."

व्हॉट्सॲपवरचा हिंदी मेसेज आहे. फोटोच्या जागी तिच्याच बँकेचं बोधचिन्ह. तिचं पूर्ण नाव, पीपीओ नंबरचे शेवटचे चार आकडे, दोन्ही बरोबर. मजकूर असा, की जीवन प्रमाण पत्र अपूर्ण आहे, 30 सप्टेंबरपर्यंत पडताळणी झाली नाही तर पेन्शन कायमची बंद. उद्या 11 वाजता अधिकारी व्हिडिओ कॉल करतील, आधार, पॅन आणि एटीएम कार्ड जवळ ठेवा, सांगतील तेव्हा स्क्रीन शेअर करा. खाली एक फाइल, `JeevanPramaan.apk`.

मी म्हटलं, आजी, हे खोटं आहे. त्यावर तिचे दोन प्रश्न, आणि मला उत्तर देता आलं नाही. खोटं असेल तर त्यांना पीपीओ नंबर कुठून मिळाला? आणि शेजारच्या काकांनी गेल्या वर्षी हयातीचा दाखला व्हिडिओवरूनच दिला, तो कसा चालला? तिचे गुडघे दुखतात, बँकेचा जिना नको असतो, त्यामुळे तिला हे खरं असावंसं वाटतंय हेही दिसतंय.

खमंग_शेव

शंभर टक्के फ्रॉड. कुठलीही बँक कधीच व्हिडिओ कॉलवर काम करत नाही. शिवाय दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, सप्टेंबर कुठून आला? ब्लॉक करा, विषय संपला.

मालती_ग्वाल्हेर

आजींना सांगा, पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. 70 रुपये घेतात. माझ्या आईचा तसाच होतो. आधार, मोबाइल आणि पीपीओ नंबर तयार ठेवायचा, बोट लावायचं, झालं.

रामबागचा_नातू

मालतीताई, हे उपयोगाचं आहे, पण मी विचारतोय ते उद्याच्या कॉलबद्दल.

पेन्शन_खिडकी

मी बँकेच्या पेन्शन विभागातून निवृत्त झालो. मेसेज खोटाच आहे, पण शेव यांनी दिलेलं कारण आजींना सांगू नका. त्यांना शेजारचे काका माहीत आहेत, त्या म्हणतील नातवाला काही कळत नाही. व्हिडिओवरून दाखला देण्याची सोय खरी आहे. स्टेट बँकेने ती नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू केली.

पण ती चालते कशी ते पाहा. तिथे सुरुवात पेन्शनर करतो. बँकेच्या पेन्शनच्या साइटवर किंवा ॲपमध्ये स्वतः जायचं, खाते क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी त्याच पानावर भरायचा, आणि मग समोर कर्मचारी येतो. तो पडद्यावरचा कोड वाचायला सांगतो, मूळ पॅन कार्ड दाखवायला सांगतो, चेहऱ्याचा फोटो घेतो. एटीएम कार्डाचा संबंधच येत नाही. व्हॉट्सॲपवर बँक आपणहून कॉल लावत नाही. आणि स्क्रीन शेअर कशाला? त्यांना आजींचा चेहरा बघायचा आहे की फोन? स्क्रीन शेअर चालू असताना आलेला ओटीपी वरच्या पट्टीत चमकतो आणि पलीकडचा तो वाचून घेतो. आजींना तोंडाने काही सांगावंही लागत नाही. "मी तर ओटीपी कुणालाच दिला नाही" असं लोक म्हणतात ते खोटं बोलत नसतात.

तारखेचं म्हणाल तर केंद्राच्या पेन्शनरांसाठी नोव्हेंबर हे बरोबर, आणि 80 च्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणजे आजींची खिडकी अजून उघडलेलीच नाही. पण पीएफच्या पेन्शनवाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यांना सप्टेंबरही येऊ शकतो. नुसत्या महिन्यावरून खरं-खोटं ठरवू नका.

"कायमची बंद" हे तर नुसतं भेवडावणं. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, पण दिल्यावर थकबाकीसकट परत सुरू होते.

रामबागचा_नातू

काका, हे सगळं आजीला वाचून दाखवलं. "चेहरा बघायचा आहे की फोन" हे तिला पटलं. आता एक शंका. ती म्हणते बोट लावलं नाही, पण फाइलवर खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह दिसत नाहीये. म्हणजे फाइल उतरली आहे ना?

पेन्शन_खिडकी

वाय-फाय असेल तर व्हॉट्सॲप फाइल आपोआप उतरवून घेतं, आजींवर संशय नको. उतरणं वेगळं, इन्स्टॉल होणं वेगळं. सेटिंग्जमध्ये `Install unknown apps` शोधा आणि व्हॉट्सॲपपुढे काय लिहिलंय ते पाहा. `Not allowed` असेल तर तिथून काही बसलेलं नाही. तरी ॲपची यादी एकदा नजरेखालून घाला, कुणाला एसएमएस वाचायची परवानगी आहे तेही बघा. मग फाइल उडवा, चॅट नव्हे. चॅट तक्रारीला लागेल.

रामबागचा_नातू

`Not allowed` आहे. यादीतही ओळखीचंच सगळं. हुश्श.

बडोदेकर_सून

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या सासऱ्यांनी मागच्या महिन्यात अशाच कॉलवर स्क्रीन शेअर केली होती. पैसे गेले नाहीत, पण तेव्हापासून बँकेचे फोन त्यांना येतच नाहीत. आम्ही समजत होतो नेटवर्क खराब आहे.

पेन्शन_खिडकी

ताई, आधी हे लावून बघा:

```
*#21#
```

कॉल दुसऱ्याच नंबरवर वळवलेले दिसले तर हे:

```
##002#
```

याने वळवलेलं सगळं रद्द होतं. बोलता बोलता एखादा कोड डायल करायला लावतात, आणि मग फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी त्यांच्याकडे जातो. नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, खाते ज्या शाखेत आहे तिथे आजच जाऊन सांगा. पैसे गेलेले दिसले तर मात्र एक मिनिट न दवडता 1930.

खमंग_शेव

बरं बुवा, व्हिडिओची सोय असते हे नवीन कळलं. पण 1930 वर नातवानेही लगेच तक्रार करावी ना?

पेन्शन_खिडकी

1930 मुख्यतः पैसे गेलेल्यांसाठी आहे, वाटेतच रक्कम अडवता यावी म्हणून. नुसता प्रयत्न झाला असेल तर संचार साथीच्या साइटवर `Chakshu` मध्ये नोंदवा. तिथे स्क्रीनशॉट जोडता येतो, आणि तो तर आजींनी आधीच काढून ठेवलाय.

रामबागचा_नातू

आजची खबर. ठीक 11 ला व्हिडिओ कॉल आला, उचलला नाही. परत आला, परत नाही. मग साधा फोन आला आणि मी अडवायच्या आत आजीने घेतला. "कोणत्या शाखेतून बोलताय? मॅनेजरचं नाव काय?" पलीकडून "मॅडम, हेड ऑफिस". आजी म्हणाली, "मग दाखला हेड ऑफिसलाच देते, पत्ता सांगा." फोन कट. नंबर ब्लॉक केलाय, `Chakshu` वर नोंदही केली. ऑक्टोबरात पोस्टमन बोलवायचं ठरलंय, मालतीताई, तुमचंच ऐकलं शेवटी.

पीपीओ नंबरचं कोडं मात्र तसंच आहे. आजी म्हणते तिने तो कुणाला दिला नाही, पण पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स तर किती ठिकाणी दिल्यात.

पेन्शन_खिडकी

कुठून गेला ते आता शोधून सापडणार नाही. माझा संशय झेरॉक्सवरच. त्यांच्याकडे शेवटचे चार आकडे आहेत की आख्खा नंबर, तेही आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या वेळी कुणी आख्खे बारा आकडे म्हणून दाखवले, तरी तो बँकेचाच माणूस असं आजींनी धरू नये.

मालती_ग्वाल्हेर

पोस्टमनला आधी पोस्टात सांगून ठेवा हं, नोव्हेंबरात त्याला उसंत नसते.