कथेतला रिक्षावाला फार गोड झालाय का?

सांगोलेकर:
एक छोटी कथा लिहिली आहे, तिचा सारांश देतो. सांगोल्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्यात येतो. एसटी पहाटे साडेचारला स्वारगेटला सोडते. हातात चिठ्ठी: सदाशिव पेठ, घर क्रमांक तेराशे कितीतरी, खुन्या मुरलीधराजवळ. मोबाइल बंद पडलेला. एक म्हातारा रिक्षावाला त्याला घेतो, मंडईवरून दगडूशेठचं दर्शन घडवत, सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा अशी नावं सांगत पेठेत नेऊन सोडतो. मीटर तीस रुपये होतं, तो वीसच घेतो आणि म्हणतो, "शिकून मोठा हो." एका मित्राने वाचून सांगितलं, "असा रिक्षावाला नसतो, गोड गोड केलंस." मला तो पटतो, कारण मला असाच एक भेटला होता. तुम्हाला काय वाटतं? तो थोडा लबाड दाखवू का?

पेठेतला जावई:
लबाड दाखवायच्या आधी रस्ता दुरुस्त करा. मंडईहून दगडूशेठकडे रिक्षा जाणारच नाही. शिवाजी रोड एकमार्गी आहे, शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे. पेठेत शिरायचं तर पूरम चौकातून बाजीराव रोड धरायचा, तो शनिवारवाड्याच्या दिशेने एकमार्गी. तिथून डावीकडे वळलात की सदाशिव पेठ. मुलाला दगडूशेठ दाखवायचा असेल तर बाजीराव रोडने पार वर जाऊन, वळसा घालून शिवाजी रोडने खाली यायचं आणि पुन्हा सदाशिवात शिरायचं. दोन किलोमीटरचे चार होतात.

आता हिशेब करा. १ सप्टेंबर २०२२ पासूनचे दर धरले तर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. रात्री बारा ते पाच सव्वापट. सरळ गेला तर दोन किलोमीटरचे साधारण ३४, सव्वापटीने ४२. दगडूशेठवरून गेला तर चौऱ्याऐंशीच्या आसपास. तुमचे तीस रुपये कुठेच बसत नाहीत, साडेचारला तर नुसतं रिक्षात बसलं तरी एकतीस. म्हणजे तुमच्या गोड माणसाने पोराला दुप्पट फिरवलं आणि वर दहा रुपये सोडल्याचा मोठेपणा घेतला. तुमच्या मित्राला लबाडी हवी होती ना, ती तुम्ही नकळत लिहूनच ठेवली आहे.

कौस्तुभ:
जावईबापू, साडेचारला एकमार्गी कोण पाळतो? रस्ता मोकळा असतो, सिग्नल लुकलुकत असतात. म्हातारा सरळ उलट्या दिशेने गेला असेल. आणि कथा आहे ही, आरटीओची तपासणी नाही. वाचकाला मीटरशी काय देणंघेणं?

पेठेतला जावई:
उलट्या दिशेने गेला असेल तर तसं लिहा ना. मग पोर दचकेल, "मामा, समोरून गाडी आली तर?" असं विचारेल, आणि म्हाताऱ्याचा स्वभाव एका वाक्यात कळेल. न लिहिता सोडलं की लेखकाला रस्ता माहीत नाही एवढंच कळतं. अर्ध्या पुण्याला शिवाजी रोडची दिशा पाठ आहे, तो वाचक तिथेच कथेतून उतरतो.

तिसरी शिफ्ट:
मी अकरा वर्षं रात्रीची रिक्षा चालवली, स्वारगेटलाच. गाडी मालकाची, रोजचं भाडं ठरलेलं. तुम्ही सगळे रस्त्यावर भांडताय, पण गोष्ट त्याआधीच फसली आहे. त्याने हे भाडं घेतलंच कसं?

रात्री स्टँडला नंबर लागतो. दीड-दीड तास थांबल्यावर आपला नंबर येतो. त्या वेळी डोळ्यांपुढे कात्रज असतं, कोथरूड असतं, हिंजवडी लागली तर देवच पावला. अशा वेळी पोरगं येऊन म्हणतं सदाशिव पेठ. दोन किलोमीटर. चाळीस रुपयांसाठी नंबर जातो, परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. म्हणून नाही म्हणतात. नाही म्हणणं नियमात बसत नाही हे मलाही माहीत आहे, तरी म्हणतात, मीही म्हटलंय. तुमच्या कथेत तो म्हातारा एका शब्दाने काही न बोलता गाडी काढतो, तिथेच मला तो खोटा वाटला.

त्याला कारण द्या. पाचला गाडी दिवसवाल्याच्या ताब्यात द्यायची आहे आणि दिवसवाला पेठेत राहतो. म्हणजे तिकडे जायचंच आहे, रिकामं जाण्यापेक्षा हे भाडं बरं. अशा वेळी तो मीटर टाकतो आणि खरोखर सरळ नेतो, कारण त्यालाही घाई असते. आणि दहा रुपये सोडायचं काढून टाका. मालकाचं भाडं आणि गॅस गेल्यावर दहा रुपये कोण सोडतो?

अनघा:
तुमचं सगळं वाचलं. मुलगा म्हणून लिहिलंय म्हणून ही चर्चा मीटरवर चालली आहे. मी २०१७ साली अशाच वेळी उतरले होते. रिक्षावाला म्हणाला, "इकडून शॉर्टकट आहे," आणि गल्लीत वळला. मला दगडूशेठ, मारुती काही आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळला होता. काही झालं नाही, त्याने नीट सोडलं. पण वाटभर भीती होती. पुढच्या वेळेपासून उजाडेपर्यंत स्टँडवरच बसून राहायला लागले. कथेतल्या पोराला, नव्या शहरात, मोबाइल बंद असताना, अंधारात, एकदाही शंका येत नाही? गोड तो रिक्षावाला नाही, पोरगं गोड आहे.

तिसरी शिफ्ट:
ताई, तुमची भीती समजते. पण दर वेळी आम्हीच का संशयात? गल्लीत वळलो की चोर, वळलो नाही तर लांबून नेलं.

अनघा:
दादा, मी तुम्हाला चोर म्हटलं नाही. तो माणूस चांगला होता हे मला उतरल्यावर कळलं. रिक्षात बसलेल्याला ते आधी कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. कथा रिक्षात बसलेल्याच्या बाजूने लिहिली आहे ना?

नांदेडचा नितीन:
माझ्या वेळी तर स्वारगेट आलंच नाही, आमची गाडी वाकडेवाडीला सोडते. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस तिकडे गेलं. तिथून पेठेत यायचं म्हणजे अंतर जास्त. सांगोल्याची गाडी स्वारगेटला येते का? बाकी कथा छान. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आता काय भाव चाललाय कुणाला माहीत आहे का? मेससकट?

सांगोलेकर:
नितीन, सांगोल्याची स्वारगेटलाच येते, मी त्याच गाडीने आलो. भावाचं वेगळं विचारा.

तिसरी शिफ्ट, कारणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मारुती-विठोबांची नावं काढायला जीव होत नाही. नवख्या माणसाला पुण्यात सगळ्यात आधी तीच भेटतात.

पेठेतला जावई:
नावं राहू द्या, पण ती त्याच्या तोंडी यादीसारखी घालू नका. तो गाईड नाही. ती नावं लागतात पत्ता सापडायला. सांगोल्याच्या पोराला वाटतं की तेराशे नंबर म्हणजे बाराशे नव्याण्णवच्या पुढचं घर. पेठेत तसं नसतं. तो जागेचा जुना नंबर, गल्लीच्या क्रमाने लागेलच असं नाही. वर वाडा पाडून सोसायटी झाली की एकाच नंबरात दोन इमारती उभ्या राहतात. नंबर पोस्टमनला कळतो. रिक्षावाला चिठ्ठी वाचतच नाही, तो विचारतो, "खूण काय?" पोर म्हणतं, खुन्या मुरलीधर. मग पोरालाच विचारू द्या, खुन्या का? म्हातारा मागे न बघता म्हणेल, मूर्ती बसवताना मारामारी झाली, माणसं पडली. एवढं बास. अंधारात हे ऐकून पोर आणखी घाबरेल, अनघाताईंना हवी ती शंकाही येईल, आणि नाव वाया जाणार नाही.

कौस्तुभ:
आता हे सगळं लक्षात ठेवलं तर कथा उरणार नाही, नकाशा होईल. आणि खरं सांगायचं तर आजच्या काळात कुणी हरवतच नाही. फोनवर पिन टाकली की संपलं. मोबाइल बंद पडला ही पळवाट आहे. स्वारगेटला मेट्रोसुद्धा आली आहे.

तिसरी शिफ्ट:
मेट्रो साडेचारला चालू नसते, साहेब. आणि पिन कुठे पडते सांगू? इमारतीवर बरोबर पडते, पण दरवाजा मागच्या बोळात असतो. नकाशा तुम्हाला पुढच्या रस्त्यावर भिंतीसमोर उभं करतो आणि म्हणतो पोहोचलात. मी कितीतरी पोरांना तिथून उचलून मागे नेलंय. बोळात रिक्षा शिरत नाही, तोंडाशी थांबवायची, किल्ली काढायची आणि हाताने दाखवायचं: दुसरा जिना, पहिला नाही, पहिल्याला कुलूप असतं. वाट दाखवणं म्हणजे हे. रस्ता तर सगळ्यांनाच येतो.

अनघा:
हे घ्या कथेत. नुसतं हे जिन्याचं.

सांगोलेकर:
शेवट पुन्हा लिहिला. बघा:

"मामाने रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी केली आणि किल्ली खिशात टाकली. मीटरवर चौतीस. 'पाच वाजायच्या आत आहे, सव्वापट. बेचाळीस.' पोराने पन्नासची नोट दिली. मामाने आठ रुपये मोजून दिले, दोनदा मोजले. पोर नंबर शोधत पहिल्या जिन्याकडे निघालं. 'तिकडे नाही रे, दुसरा. तिसरी पायरी फुटलीय.' पोर अंधारात पायऱ्या मोजत वर गेलं. खाली रिक्षा सुरू झाली. मामा उजेडात येऊन गेला की नाही, ते त्याने पाहिलं नाही."

पेठेतला जावई:
आठ रुपये दोनदा मोजले, हे चांगलं आहे. शेवटचं वाक्य काढा, ते कवितेतलं आहे.

कौस्तुभ:
मला पहिलाच शेवट आवडला होता. "शिकून मोठा हो" वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता फक्त सुट्टे पैसे उरले.

तिसरी शिफ्ट:
सुट्टे त्याने दिले, हे आधी बघा. पहाटे पन्नासच्या नोटेला आठ रुपये सुट्टे निघतात कुणाकडे? मी तर म्हणायचो, "चाळीस द्या, चालेल."

सांगोलेकर:
म्हणजे दोन रुपये सोडायचे?

तिसरी शिफ्ट:
सोडले नाहीत, सुट्टे नव्हते.