प्रमोशनच्या मेलमध्ये निकष लिहायचे की नाही?

सपोर्टवाला_पुणे: टीम लीडसाठी आमच्यातल्या तिघांनी अर्ज केला, एकीचं झालं. एचआर म्हणतंय मेलमध्ये निकष लिहा. मी लिहिलंय, 'तिघांमध्ये तिचे नेतृत्वगुण सरस ठरले.' राहिलेल्या दोघांना लागेल का हे?

जुनीखुर्ची: लागेल म्हणजे काय, लागणारच. 'तिघांमध्ये' आणि 'सरस' दोन्ही उडवा. नावं नसली तरी कोण तिघं ते अख्ख्या फ्लोअरला माहितीये, मग ते वाक्य त्या दोघांचं प्रगतिपुस्तकच झालं की. जागा काढली तेव्हा नोटीशीत जे निकष होते तेच घ्या, आणि फक्त तिने काय केलं ते लिहा. उदा. 'या पदाला रोस्टर लावणं आणि क्लायंटचे एस्कलेशन कॉल घेणं गरजेचं होतं. गेले ८ महिने ती दोन्ही सांभाळते आहे.' नोटीशीत नसलेला निकष मेलमध्ये घुसवलात तर दोघं नोटीस उघडून दाखवतील. आणि मेल दुपारी ४ ला जाणार असेल तर त्याच दिवशी जेवणाआधी दोघांना वेगवेगळं बसवून सांगा, आदल्या दिवशी नको, चहाच्या टपरीवर फुटतं.

गप्पबस: एवढं कशाला? नाव, पद, तारीख, कोण कोणाला रिपोर्ट करणार, अभिनंदन. संपलं. निकष लिहिला की वाद आलाच.

दुसरा_नंबर: गप्पबस, आमच्या ऑफिसात मी असाच राहिलेल्यांपैकी होतो. असाच दोन ओळींचा मेल आला, मला आधी कोणी काही बोललं नाही, मी डेस्कवर बसून वाचला आणि सगळे माझ्याकडे बघतायत. तीन महिने मी धरून चाललो होतो की तो साहेबांचा खास म्हणून झालं. नंतर कळलं त्याने एक तुटायला आलेला क्लायंट टिकवला होता. एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं.

गप्पबस: तुला मेलने नाही, साहेबाने न सांगितल्याने त्रास झाला.

दुसरा_नंबर: हो, तेही आहेच म्हणा.

पासबुक: आमच्या सरकारी बँकेत परीक्षा, मुलाखत, यादी लागते, विषय संपला. तुमच्याकडे लेखी परीक्षा नसते का?

जुनीखुर्ची: नसते हो, म्हणून तर ही कसरत.

मधलीताई: एक विचारू दादा? ते एस्कलेशन कॉल त्या दोघांच्या वाट्याला कधी आले होते का? नसतील तर कितीही गोड लिहा, ते म्हणणार आम्हाला दिलेच नाहीत.

सपोर्टवाला_पुणे: इथेच गाडी अडलीये ताई. कॉल मीच तिला देत होतो, ती रात्रपाळीला तयार असायची म्हणून. राहिलेल्या दोघांपैकी एकाने एकदा मागितले होते, मी पुढच्या क्वार्टरला बघू म्हटलं आणि राहिलं.

जुनीखुर्ची: मग आधी त्याला भेटा आणि हे स्वतःहून कबूल करा, आणि रोस्टरवर कुठल्या आठवड्यापासून त्याला कॉल मिळणार ते लिहून द्या. मेलमधून ती ओळ काढू नका मात्र, खरी आहे ती.

मधलीताई: मला नाही पटत, आज तरी ती ओळ त्याला टोचणारच.