मदत हवी आहे : जुन्या ग्राहकांना एप्रिलपासून दरवाढ कशी सांगायची? (हिशेब व जीएसटीचं काम, सांगली)

विश्रामबागकर_ताई

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरून हिशेबाचं काम करते. आधी एका सीए ऑफिसात होते, गेल्या मार्चमध्ये ते सोडलं. सध्या सहा ग्राहक आहेत. टॅलीत नोंदी करायच्या, बँक जुळवायची आणि जीएसटी रिटर्न भरायची. ओटीपी मालकांच्या मोबाईलवर येतो, तेवढा विचारून घेते.

सुरुवातीला काम मिळवायचं म्हणून दर कमीच ठेवले होते. आता वर्ष होत आलं. सगळे वेळेवर पैसे देतात, एकाशीही वाद नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. चांगलं चाललेलं असताना पैशाचा विषय काढायचा कसा?

सगळ्यात मोठा ग्राहक मार्केट यार्डातला आहे, बेदाणा आणि हळदीची भागीदारी फर्म. महिना 3,500 ठरले तेव्हा महिन्याला साधारण 90 नोंदी होत्या. आता 210च्या पुढे जातात, त्यात कोल्ड स्टोरेजची भाडी आणि वाहतुकीची बिलं बरीच. शिवाय यंदा त्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर गेली. आधी रिटर्न तिमाही होतं, आता दर महिन्याला भरावं लागतं. थोरले भागीदार वडिलांच्या वयाचे आहेत, मी त्यांना काका म्हणते. तोंड उघडायचा धीर होत नाही. किती वाढवू, कधी सांगू, फोनवर की लिहून?

निखिल_कुपवाड

एवढा विचार कशाला? दर वर्षी 10 टक्के, सगळ्यांना सारखे. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका, 'दि. 1 एप्रिलपासून नवीन दर लागू'. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वार्षिक करारांना हेच करतो. एक मात्र लक्षात ठेवा, वर्षाचे 30,000च्या वर गेले की पार्टी टीडीएस कापते. म्हणून दर 2,500च्या आतच ठेवलेला बरा.

कराडचा_फोटोवाला

ताई, माझंही हेच दुखणं आहे. लग्नाचं पॅकेज सांगितलं की लोक म्हणतात, शेजारच्या गावात निम्म्यात होतं. मी आता ड्रोनचे पैसे वेगळे लावतो आणि अल्बमची पानं मोजून देतो. नवीन ग्राहकाला पहिल्यांदा दर सांगताना थोडा चढाच सांगा, घासाघीस होणारच असते.

विश्रामबागकर_ताई

दादा, नवीन ग्राहकाला सांगायला मला अडचण नाही. गेल्या महिन्यात एका हार्डवेअर दुकानाला वाढीव दर सांगितला, त्यांनी मान्यही केला. जुन्यांपुढे जीभ अडते.

जमाखर्च_सातारा

साताऱ्यात वीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निखिलभाऊ, सगळ्यांना सरसकट 10 टक्के हे सोपं आहे, पण ताईंच्या कामात बसत नाही. ज्याचं काम होतं तेवढंच आहे त्याला 10 टक्के पुष्कळ झाले. ज्याचं दुपटीवर गेलंय, त्याला 10 टक्के लावले तर ताई घाट्यातच राहणार. 3,500चे 3,850 होतील आणि वर्षभर पुन्हा विषय काढता येणार नाही. दुसरं म्हणजे टीडीएसची 30,000ची मर्यादा जुनी झाली. एप्रिल 2025 पासून ती 50,000 आहे.

ताई, आधी टॅली उघडा आणि Statistics रिपोर्ट बघा. कोणत्या प्रकारच्या किती नोंदी झाल्या ते तिथे आयतं मिळतं. एकदा गेल्या एप्रिल-मेची मुदत लावा, एकदा डिसेंबर-जानेवारीची. दोन्ही पानं छापा आणि जाताना सोबत न्या. व्यापारी माणसाला 'काम फार वाढलंय हो' म्हटलेलं ऐकू येत नाही. 90 आणि 210 हे आकडे मात्र त्याला लगेच कळतात, कारण तो दिवसभर पोत्यांचाच हिशेब करत असतो.

आता दर. 90 नोंदींना 3,500 म्हणजे एका नोंदीला 39 रुपये पडत होते. आता साडेसोळाच्या आसपास पडतात. म्हणून 210 गुणिले 39 करून आठ हजार मागायला जाऊ नका. फर्म एकच, बँक खातं तेच, बरीच खरेदी-विक्री त्याच पार्ट्यांशी, त्यामुळे नोंदी वाढल्या तसा वेळ वाढत नाही. मी असतो तर 4,500 सांगितले असते आणि सोबत मर्यादा घातली असती : महिन्याला 225 नोंदींपर्यंत हा दर, सलग तीन महिने त्याच्या वर गेलं तर बसून बोलू. पुढच्या वर्षीचा अवघडलेपणा त्या एका ओळीने कमी होतो.

4,500 झाले की वर्षाचे 54,000 होतात, म्हणजे टीडीएस येतो. फर्म असल्यामुळे ते 10 टक्के कापतील, हातात महिना 4,050 पडतील. कापलेले 5,400 तुमच्या रिटर्नमध्ये दिसतील आणि कर बसत नसेल तर परत मिळतील. पण घरखर्चाचं गणित 4,050 धरूनच करा. आणि हे काकांना आधीच सांगा, नाहीतर मार्चअखेरीला त्यांच्या ध्यानात येतं आणि एकदम वर्षाचं कापतात.

निखिल_कुपवाड

50,000चं माहीत नव्हतं. पण मग दर 4,150 ठेवला तर? वर्षाचे 49,800, टीडीएसची कटकटच नको.

जमाखर्च_सातारा

कटकट वाचते, पण वर्षाला 4,200 रुपये कमी मिळतात. परत मिळणाऱ्या रकमेसाठी कायमची कमाई का सोडायची? हार्डवेअरवाल्यासारखा एकटा मालक असेल आणि गेल्या वर्षीची धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या आत असेल, तर त्याला हा टीडीएस कापावाच लागत नाही. ही भानगड फर्मपुरती आहे. काही पार्ट्या तांत्रिक सेवा म्हणून 2 टक्केच कापतात. माझ्या मते हिशेबाच्या कामाला 10 बरोबर, पण आमच्यातच यावर एकमत नाही.

यार्डातला_आडत्या

मी बिलं देणाऱ्यांच्या बाजूचा. ताई, तुम्ही काका म्हणता त्यांच्यासारखाच एक समजा.

आम्हाला वाढीचं काही वाटत नाही हो. हमालीचे दर वाढतात, गाडीभाडं वाढतं, दुकानातल्या पोरांचे पगार वाढतात. राग येतो तो वेळेचा. आमचा आधीचा हिशेबनीस रिटर्नच्या आदल्या दिवशी म्हणाला, पैसे वाढवा मग भरतो. त्या महिन्याचे दिले, पुढच्या महिन्यात माणूस बदलला. दुसरं म्हणजे मार्चमध्ये येऊ नका. हळद-बेदाण्याची आवक जोरात असते, सौदे चालू असतात, वर मार्चअखेर. फेब्रुवारी सरायच्या आत, संध्याकाळी सौदे उरकल्यावर, चहाच्या वेळेला या. आणि समोर या. मेसेजवर दर वाढवला की भागीदार एकमेकांना तो फॉरवर्ड करतात आणि चर्चा तुमच्या माघारी होते.

जमाखर्च_सातारा

आडत्यांनी लाखातलं सांगितलं. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी. या दोन तारखांच्या आसपास पैशाचा विषय काढला की तुमच्या मनात नसलं तरी अडवणूक केल्यासारखं वाटतं. 21 ते 28 फेब्रुवारी हा काळ चांगला. समोर बोला आणि त्याच रात्री दोघाही भागीदारांना लिहून पाठवा. मी असं लिहितो :

"काका, आज बोलल्याप्रमाणे एप्रिलच्या हिशेबापासून महिना 4,500 रुपये, 225 नोंदींपर्यंत. मार्चचं रिटर्न एप्रिलमध्ये भरू, ते जुन्याच दरात. गेल्या वर्षाच्या हिशेबासाठी सीएंना जी माहिती द्यायची आहे, तीही जुन्याच दरात पुरी करते."

मार्चचं रिटर्न कोणत्या दरात, यावरून पहिल्याच बिलाला खटका उडतो, म्हणून ते वाक्य गाळू नका.

एक धोका अजून कुणी बोललं नाही. उलाढाल 5 कोटींच्या वर गेली म्हणजे एप्रिलपासून त्यांना ई-इनव्हॉइस लागू. ते महिनाअखेरीला करायचं काम नाही, बिल करतानाच करायचं. गाडी भरून दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय आणि तुम्हाला रात्री आठला फोन, 'ताई, तेवढं बिल काढून द्या'. हे 4,500मध्ये घेऊ नका. वेगळे पैसे लावूनही घेऊ नका, असं माझं मत. दुकानातल्या मुनीमला शिकवा आणि शिकवण्याचे एकदाच पैसे घ्या. टॅलीतून करणं अवघड नाही.

विश्रामबागकर_ताई

हे तर डोक्यातच नव्हतं! पण मुनीम साठीचे आहेत, संगणकावर फक्त बिल छापतात. आणि काकांनी 'एवढे नाही जमणार' म्हटलं तर?

जमाखर्च_सातारा

तर दर उतरवू नका, काम उतरवा. 3,500च ठेवायचे असतील तर विक्रीची बिलं तशीही दुकानातच टॅलीत होतात. ती अर्धवट न करता खाती, जीएसटी, सगळं भरून पूर्ण करून द्यायची, तुम्ही फक्त तपासणार. त्यांनी दर न वाढवता काम तेवढंच मागितलं, तर मात्र तुमचं तुम्ही ठरवायचं. एक मोठा ग्राहक गेला तर सहातल्या किती कमाईला फटका बसतो, ते जायच्या आधी कागदावर मांडा.

कराडचा_फोटोवाला

आणि जे बिलं उशिरा देतात त्यांचं काय? माझे ग्राहक फोटो निवडायलाच तीन महिने लावतात.

विश्रामबागकर_ताई

हो, माझा एक मेडिकलवाला आहे. 9 तारखेला रात्री पिशवीभर बिलं आणून देतो. त्याला 5 तारखेच्या आत दिली तर जुना दर, नंतर दिली तर 500 जास्त, असं करावं का?

यार्डातला_आडत्या

मला विचाराल तर असं केलं की तो 500 देऊन निवांत 9 तारखेलाच आणणार.

जमाखर्च_सातारा

माझ्याकडे दोघांवर चाललं, एकावर नाही. तो अजून 10 तारखेला आणतो, 500 देतो आणि वर पेढे देतो. काय करावं, मलाही कळलेलं नाही.

विश्रामबागकर_ताई

धागा वर काढतेय. काल संध्याकाळी यार्डात जाऊन आले. Statistics ची दोन्ही पानं काकांनी नीट वाचली. 4,500 मान्य, मार्च जुन्या दरात हेही मान्य. टीडीएसचं म्हणाले, सीएंना विचारून कळवतो. धाकटे भागीदार मात्र ई-इनव्हॉइस तुम्हीच करा म्हणून अडून बसलेत. मुनीमऐवजी त्यांच्या पुतण्याला शिकवते म्हटलंय. तो बारावीला आहे, पेपर संपेपर्यंत काही नाही. एप्रिलचे पहिले पंधरा दिवस कसे काढायचे, कुणी सांगेल का?