मागून घेतलेलं 'आठवण येते'

>> नवरा सगळं करतो माझ्यासाठी, पण तोंडातून प्रेमाचा एक शब्द निघत नाही. वाईट वाटतं, माझंच चुकतंय का?

चुकत काही नाही. वर बऱ्याच जणांनी 'कृती बघ, शब्दांचं काय' म्हटलंय ते मला नाही पटलं, तहान लागलेल्याला जेवण वाढून काय उपयोग. आमच्याकडे "तू कधी काही बोलतच नाहीस" म्हटलं की नवरा आणखीनच गप्प व्हायचा, कारण त्याला ती तक्रार वाटायची आणि नेमकं काय बोलायचं तेही सुचायचं नाही. मग मी एकच गोष्ट मागितली, मी बाहेरगावी गेले की 'आठवण येते' एवढा मेसेज कर. पहिला आला तो असा, "आठवण येतेय. गाडीत हवा चेक केलीस का?" :) चिडवलं नाही, नुसतं 'वाचून बरं वाटलं' लिहिलं. चिडवलं असतं तर पुढचा आलाच नसता. समोरासमोर अजून जमत नाही त्याला, लिहून जमतं.

फक्त एक बघ, तुझा नवरा सगळ्यांशीच असा आहे की मित्रांचं, बहिणीचं तोंडभर कौतुक करतो आणि तुझ्याच वेळी गप्प? तसं असेल तर बोलता येत नाही हे कारण नाही, काहीतरी मनात धरलेलं असू शकतं, ते आधी विचार त्याला.