मदत हवी आहे: समोरून थ्री-फोर्थला मान वळवताना मधल्या ड्रॉइंगमध्ये चेहरा आकसतोय

रेघोट्या
शॉट असा: ससून डॉकवर टोपलीजवळ बसलेली कोळीण समोर बघतेय, हाक ऐकून स्क्रीनच्या डावीकडे मान वळवते. समोरचा चेहरा ते थ्री-फोर्थ, म्हणजे साधारण ४५ अंश. २४ एफपीएस, टूजवर, ड्रॉइंग १, ३, ५, ७, ९, ११, १३. पैकी १ आणि १३ की. कवटीचं वर्तुळ दोन्हींत २०० पिक्सेलचं. सुटी बघितली तर दोन्ही ठीक दिसतात, पण प्ले केलं की ५ ते ९ मध्ये चेहरा आकसतो आणि ११ पासून परत फुगतो. जबडा श्वास घेतोय असं वाटतं. अंबाडापण कानामागून फार लवकर डोकावतो. ओपनटून्झमध्ये ओनियन स्किन लावून प्रत्येक वेळी दोन रेघांच्या बरोब्बर मधून रेघ काढतेय. मग बिघडतंय कुठे?

कांदिवली_कटआउट
नाक, डोळे, कान वेगळ्या लेयरवर घे आणि प्रत्येकाला डिफॉर्मर लाव. कान चेहऱ्याच्या मागे जाताना लेयरचा क्रम बदलावा लागेल तेवढा. माझ्या रिगमध्ये तर केस चेहऱ्यापुढे येतात, त्यावर कुणाकडे उपाय आहे का?

रेघोट्या
रिग नाहीये, फ्रेम-बाय-फ्रेम आहे.

टूज_वाला
मागच्या ड्रॉइंगवरून पुढचं काढत असशील. ३ वरून ५, ५ वरून ७ असं गेलं की रेघेच्या जाडीएवढी चूक दर वेळी साचत जाते. कवटीचं वर्तुळ कॉपी करून सातही ड्रॉइंगमध्ये पेस्ट कर, चेहऱ्याची मधली रेघ आणि कान १ आणि १३ च्या मध्यावर ठेव, आणि त्यावर चेहरा बसव. विषय संपला.

लाइटबॉक्स_दादर
वर्तुळ कॉपी करायचा सल्ला बरोबर आहे. मध्यावर ठेवायचा नाही, खरी गोची तिथेच आहे.

डोकं फिरतं तेव्हा चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू गोलावरून फिरतो, त्यामुळे कागदावर तो सारख्या वेगाने सरकत नाही. जो आपल्यासमोर असतो तो सुरुवातीलाच भरभर सरकतो. जो कडेला असतो तो सुरुवातीला जवळपास जागचा हलत नाही आणि नंतर वेग घेतो.

तुमच्याच मापात बघू. त्रिज्या १०० पिक्सेल, आणि ड्रॉइंग ७ म्हणजे २२.५ अंश. चेहऱ्याची मधली रेघ १ मध्ये केंद्रावर, १३ मध्ये डावीकडे ७१ पिक्सेलवर. ७ मध्ये ती ३८ वर हवी. तुम्ही ३५ वर ठेवली असणार, त्याने फारसं बिघडत नाही. आता स्क्रीनच्या उजवीकडचा कान घ्या. १ मध्ये तो केंद्रापासून १०० वर आहे, १३ मध्ये ७१ वर. मध्य काढला तर ८५ येतो, पण २२.५ अंशाला त्याची जागा ९२ वर आहे. म्हणजे कान सात पिक्सेल आत गेला, आणि जबड्याची रेघ कानापासूनच निघत असल्यामुळे अख्खा गाल त्याच्याबरोबर आत ओढला गेला. तुमचा आकसलेला चेहरा हाच. मधल्या रेघेसाठी त्रिज्या गुणिले साइन आणि कानासाठी त्रिज्या गुणिले कोसाइन, एवढं गणित पुरतं.

अंबाड्याचंही तेच. तो केंद्रापासून १२० पिक्सेल मागे आणि त्याची त्रिज्या ४० धरली, तर तो कवटीच्या कडेबाहेर पडतो ३० अंशांनंतर. म्हणजे ७ मध्ये तो दिसताच कामा नये. ९ मध्ये जेमतेम सात पिक्सेल दिसेल, ११ मध्ये सोळा, १३ मध्ये पंचवीस. दोन कींच्या मधून रेघ काढली की तो ७ मध्येच अर्धा बाहेर येतो.

दुसरं, पलीकडच्या गालाची बाहेरची रेघ. १ मधली आणि १३ मधली रेघ ही चेहऱ्याची एकच जागा नाही. समोरून ती कानाजवळच्या बाजूची कड असते, थ्री-फोर्थमध्ये भुवईचं हाड, गालाचं हाड आणि हनुवटी यांची. त्या दोन रेघांचा मध्य काढण्यात अर्थ नाही. आधी कवटी, जबडा, मधली रेघ आणि डोळ्यांची रेघ बसवा आणि बाहेरची रेघ शेवटी त्यावरून काढा.

क्रम असा ठेवा: आधी ७. मग १ आणि ७ मधून ५, १ आणि ५ मधून ३. तसंच ७ आणि १३ मधून ९, ९ आणि १३ मधून ११. या वाटणीने कोन ०, ५.६, ११.२५, २२.५, ३३.७५, ३९.४, ४५ असे येतात, म्हणजे दोन्ही टोकांना हालचाल आपोआप मंदावते. मात्र कानाच्या जागा कोनावरूनच घ्या: १००, १००, ९८, ९२, ८३, ७७, ७१. पहिल्या तीन ड्रॉइंगमध्ये तो जवळजवळ हलत नाही, ते चुकल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

टूज_वाला
मग पलीकडचा डोळापण कोसाइननेच?

लाइटबॉक्स_दादर
नको. गोलाच्या हिशोबाने तो ४५ अंशाला समोरच्या रुंदीच्या जेमतेम चाळीस टक्क्यांवर येतो आणि चिमटल्यासारखा दिसतो, कारण चेहऱ्याचा पुढचा भाग गोलापेक्षा सपाट असतो. १३ मधली रुंदी मॉडेल शीटवरूनच घ्या. ७ मध्ये मात्र तो अर्ध्याहून थोडा कमीच अरुंद करा, अरुंद होण्याचा मोठा भाग नंतर येतो.

रेघोट्या
ताई, कान आणि अंबाडा बदलून बघितला. आकसणं गेलं. पण शेवटी चेहरा अजून किंचित मोठा होतो, ११ आणि १३ मध्ये.

लाइटबॉक्स_दादर
मग आता की १३ तपासा. मान नुसती आडवी वळते तेव्हा उंच्या बदलत नाहीत. ड्रॉइंग १ वर भुवई, डोळे, नाकाचं बूड, ओठ आणि हनुवटी यांच्या पाच आडव्या रेघा मारा, वेगळ्या लेयरवर, आणि तो लेयर सातही ड्रॉइंगवर ठेवा. ज्या ड्रॉइंगमध्ये हनुवटी रेघेखाली उतरली तिथे माप वाढलंय. रुंदीवरून हे कळत नाही, कारण रुंदी बदलणारच असते.

रेघोट्या
१३ मध्ये हनुवटी सहा पिक्सेल खाली निघाली. ओठ चार.

लाइटबॉक्स_दादर
आधी ती की दुरुस्त करा आणि मगच ९ आणि ११ पुन्हा काढा. आहे ती तशीच ठेवून इनबिट्वीन सुधारत बसलात तर फुगणं नुसतं जास्त फ्रेममध्ये पसरेल.

माहीम_पेगबार
या सगळ्यात डिप कुठे? मान सरळ पातळीवर वळली तर यंत्रासारखी दिसेल. ७ मध्ये डोकं खाली आलं पाहिजे, आणि मग या आडव्या रेघा निकामी.

लाइटबॉक्स_दादर
निकामी नाहीत. आधी सपाट वळण पक्कं करा. मग ७ चं अख्खं ड्रॉइंग आठ-दहा पिक्सेल खाली घ्या आणि ५ व ९ साधारण त्याच्या निम्मं. आडव्या रेघाही सोबत सरकवा, तपासणी तशीच चालू राहते.

माहीम_पेगबार
नुसतं खाली सरकवलं तर लिफ्टमध्ये उभी असल्यासारखी दिसेल. हनुवटी छातीकडे झुकली तर डोळ्यांची रेघ खाली बाक घेते, कवटीचा वरचा भाग जास्त दिसतो आणि डोळे ते हनुवटी अंतर कमी होतं. ते ७ मध्ये नव्यानेच काढावं लागेल.

लाइटबॉक्स_दादर
क्लोजअपमध्ये मान्य. पण २०० पिक्सेलच्या डोक्याला बारा फ्रेममध्ये हे कितपत दिसेल?

माहीम_पेगबार
नथ घातली असेल तर दिसेल. ती ओठावर टेकते की लोंबते यावरून झुकणं लगेच कळतं.

रेघोट्या
नथ आहे, मोठी आहे. दोन्ही पद्धतींनी ७ काढून पेन्सिल टेस्ट इथेच टाकते.