मदत हवी आहे: पोरीच्या अभ्यासाच्या खोलीत २० वॅटची ट्यूब पुरेल का?

अमळनेरकर_पाटील: मुलगी यंदा बारावीला. खोली १० बाय १२ फूट, भिंतींना गडद हिरवा रंग, मधोमध ९ वॅटचा बल्ब. रात्री वाचताना डोळे दुखतात म्हणते. दुकानदार म्हणतो २० वॅटची एलईडी ट्यूब लावा, काम झालं. खोक्यावर २००० लुमेन, ६५०० के असं आहे. घेऊ का?

तापीकाठ: घ्या भो. ६५०० चाच घ्या, पांढरा उजेड जास्त पडतो.

वायरमन_भुसावळ: तापीकाठ भाऊ, लुमेन सारखे असतील तर ६५०० ने उजेड वाढत नाही, फक्त निळसर पांढरा दिसतो. रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याला मी कमी निळसर, ४००० के चा सांगतो.

पाटील भाऊ, लुमेन म्हणजे ट्यूबमधून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे त्यातले एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन. वाचायला टेबलावर साधारण ३०० लक्स उजेड लागतो. तुमची खोली ११ चौरस मीटर. २००० लुमेनपैकी बराच उजेड भिंती आणि छत खातात, निम्मा पोचला तरी १००० भागिले ११, म्हणजे ९० च्या आसपास. हिरव्या भिंतीमुळे त्याहून कमीच. नुसत्या छतावरून ३०० गाठायचे तर अशा तीन-चार ट्यूब लागतील. त्यापेक्षा खोलीला एक ट्यूब आणि टेबलावर झाकणाचा लॅम्प. त्यात तुमचाच ९ वॅटचा बल्ब बसवा, खोक्यावर ८०० च्या वर लुमेन असले म्हणजे झालं. दीड फुटावरून तो ३०० सहज ओलांडतो.

ताई टेबलाला कुठे तोंड करून बसते?

अमळनेरकर_पाटील: भिंतीकडे. बल्ब पाठीमागे येतो.

वायरमन_भुसावळ: मग डोक्याची सावली वहीवर पडते, डोळे दुखायचं एक कारण तेही असेल. ट्यूब टेबलाच्या वरच्या भिंतीवर घ्या. उजव्या हाताने लिहीत असेल तर लॅम्प डावीकडे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. बल्ब उघडा डोळ्यांना दिसता कामा नये.

चोपडा_शेती: आमच्या मळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बल्ब लुकलुकतात. इन्व्हर्टर बल्ब घेतला, तरी तेच.

वायरमन_भुसावळ: इन्व्हर्टर बल्ब लाइट गेल्यावर कामाचा, कमी व्होल्टेजवरचा तो उपाय नाही. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असं लिहिलेलं बघून घ्या. आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बल्ब धरा. काळे पट्टे ठळक सरकत असतील तर तो अभ्यासाला नको.

तापीकाठ: मी ६५०० खालीच वाचून नोकरीला लागलो, मला तरी त्रास नाही झाला.

वायरमन_भुसावळ: होतं तसंही. दुकानात दोन्ही लावून वही धरून बघा, ताईलाच ठरवू द्या.

अमळनेरकर_पाटील: रविवारी तिला घेऊनच जातो. लॅम्प आधी घेतो. भिंतींचं काय, पांढरा रंग मारून घेतला तर खरंच इतका फरक पडेल का?